४६० चा शेअर ४२० वर: आणखी पैसे न घालता बरोबरी ४४० वर कशी आणायची?

प्रश्न: एका कंपनीचे ५०० शेअर ४६० ने घेतले, आता भाव ४२० आहे. अ‍ॅव्हरेज करायला पैसे नाहीत. ऑप्शन वापरून 'रिपेअर' करता येतं म्हणतात, ते कसं? लॉट ५०० चाच आहे.

उत्तर: लॉट आणि शेअर जुळतात, म्हणून करता येईल. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, शेअर घेण्याचा हक्क. चालू महिन्याचा ४२० चा एक कॉल घ्यायचा आणि ४४० चे दोन विकायचे. समजा ४२० चा कॉल १६ रुपयांना आहे आणि ४४० चा ८ ला. म्हणजे ८,००० गेले, ८,००० आले. विकायची स्ट्राइक खरेदीभाव आणि आजचा भाव यांच्या बरोबर मध्ये असावी.

एक्स्पायरीला भाव ४४० असेल तर शेअरमध्ये १०,००० तोटा आणि घेतलेल्या कॉलमध्ये १०,००० नफा, हिशेब शून्य. भाव ४८० ला गेला तरीही शून्यच, कारण वरचा सगळा फायदा विकलेले कॉल खातात. ४०० झाला तर तोटा ३०,०००, म्हणजे नुसते शेअर धरले असते तेवढाच. हा विमा नाही. शेअर आणखी पडेल असं वाटत असेल तर विकून मोकळे व्हा.

खरी अडचण घसरण मोठी असली की येते. खरेदी ५०० ची असती तर ४६० चे कॉल विकावे लागले असते. महिनाभराच्या मुदतीत त्यांचे जेमतेम ३-३ रुपये मिळतात, आणि १६ चा कॉल घ्यायला १० रुपये खिशातून जातात. ते कधीच परत येत नाहीत, कारण वरची बाजू बंद आहे. म्हणून साधारण दहा टक्क्यांपर्यंतच्या घसरणीलाच हे फुकटात बसतं. पुढच्या महिन्यांत प्रीमियम जास्त असतो खरा, पण बहुतेक शेअरच्या त्या ऑप्शनमध्ये खरेदी-विक्रीच्या भावांत इतकं अंतर असतं की गणित तिथेच बिघडतं.

ऑर्डर टाकताना आधी कॉल घ्या, मग विका. डीमॅटमध्ये शेअर आहेत म्हणून विकलेल्या दुसऱ्या कॉलचं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, आपोआप माफ होत नाही. शेअर प्लेज केले, म्हणजे तारण ठेवले, तरी काही भाग रोख लागतो. भाव महिन्याच्या सुरुवातीलाच ४५० ला उडाला तर विकलेले दोन कॉल फुगतात आणि जास्तीचं मार्जिन मागितलं जातं. हिशेब एक्स्पायरीलाच जुळतो, तोवर टिकायला रोख हाताशी हवी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे भाव ४४० ला आला की आनंदाने शेअर विकणं आणि कॉल तसेच ठेवणं. मग विकलेल्यांपैकी एक कॉल उघडा पडतो, म्हणजे त्याच्यामागे शेअर उरत नाहीत, आणि त्याच्या तोट्याला मर्यादा नाही. घेतलेला कॉल आधी विकला तरी तेच होतं. बाहेर पडताना आधी ४४० चे दोन्ही कॉल परत घ्या.

शेअर ऑप्शनची सेटलमेंट एनएसईवर प्रत्यक्ष डिलिव्हरीने होते. ४४० च्या वर एक्स्पायर झाल्यास १,००० शेअर द्यायचे आणि ५०० मिळायचे, म्हणजे तुमचे ५०० जाणार. ते प्लेजमध्ये असतील तर आधी सोडवून ठेवा, नाहीतर ऑक्शनचा भुर्दंड. शेअर द्यायचे नसतील तर एक्स्पायरीला चार ट्रेडिंग दिवस उरण्याआधीच सगळं कापा, कारण तेव्हापासून घेतलेल्या इन-द-मनी कॉलवरही डिलिव्हरी मार्जिन लागू लागतं.