टाचणाची सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करा

सर, अपूर्णांकांच्या बेरजेचा अख्खा धडा एका तासिकेत बसवू नका. आधी शेवटचा प्रश्न ठरवा: १/२ + १/५ किती? २/७ उत्तर आलं, तर मुलाने अंश-छेद सरळ मिळवलेत. त्याला विचारा, २/७ अर्ध्यापेक्षा लहान, मग बेरीज कशी?

आता मागे या. ३५ मिनिटांपैकी ५ उजळणीला, १२ कागदी पट्टीचे घड्या घालून सहा समान भाग करून १/२ आणि १/३ रंगवायला. घड्यांना वेळ लागतोच, तिथे घाई नको. ८ फळ्याला, ५ जोडीने सरावाला. फळ्यावर डावीकडे पट्टीचं चित्र, खाली ३/६ + २/६ = ५/६; ते सरावापर्यंत पुसू नका. प्रश्नाआधी मात्र पुसा, नाहीतर मुलं नुसतं उतरवतील. प्रश्नाची शेवटची ५ मिनिटं राखूनच ठेवा.