सर्दीची प्रतिकारशक्ती टिकत का नाही?

प्रश्न: गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही म्हणतात, मग सर्दी आयुष्यभर का होत राहते?

प्रतिकारशक्ती तयार होते, पण ती विषाणूच्या त्या एका प्रकारापुरती. सर्दीला बहुतेकदा कारण ठरणाऱ्या ऱ्हायनोव्हायरस या विषाणूचे ज्ञात प्रकार 160 हून अधिक आहेत. समजा, आज 16 क्रमांकाच्या प्रकाराने सर्दी झाली. शरीर त्याच्या कवचाच्या उंचवट्यांना चिकटणारी प्रतिपिंडं बनवतं. पुढच्या वेळी 14 क्रमांकाचा आला, तर त्याचे उंचवटे वेगळे असतात आणि जुनी प्रतिपिंडं बहुधा निरुपयोगी ठरतात. गंमत म्हणजे, पेशीला धरणारा भाग या दोघांत बराच सारखा असतो, पण तो खोल खाचेत असल्याने प्रतिपिंडांना तिथे पोचणं अवघड जातं, असं एक मत आहे. शिवाय नाकातली प्रतिपिंडं काळानुसार कमी होतात, त्यामुळे तोच प्रकारही कधीतरी पुन्हा गाठू शकतो.