रविवारपर्यंत घर रिकामं करा

"घरमालकांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय, रविवारपर्यंत घर रिकामं करा, नाहीतर सामान बाहेर काढू. मुलीची सहामाही तोंडावर आहे. काय उत्तर देऊ?"

पुण्यातल्या या ताई आल्या तेव्हा उत्तराचा कागद लिहूनच आल्या होत्या. दोन पानं. त्यात गळकं छत होतं, मालकांचं टोचून बोलणं होतं आणि शेवटी "भाडेकरू म्हणून माझा हक्क आहे" असं वाक्य. मी त्या वाक्यावर बोट ठेवलं. त्यांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा. त्यात भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत, ठराविक काळ राहण्याची परवानगी मिळते. 'हक्क' शब्द वाचला की मालकाला वाटतं, आता ही माणसं घर सोडणारच नाहीत. मग तो आणखी बिथरतो.

करार फोनमध्येच होता, पण सही केल्यापासून त्यांनी तो उघडला नव्हता. नवव्या कलमात लिहिलं होतं की मुदतीआधी करार संपवायचा तर कोणत्याही पक्षाने एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी. त्याखालचं कलम मी मुद्दाम वाचायला लावलं: भाडं थकलं तर काय? थकबाकी असली की बऱ्याच करारांत मुदत कमी होते. त्यांचं भाडं दर महिन्याला बँकेतूनच गेलेलं होतं, त्यामुळे ती भीती नव्हती.

व्हॉट्सॲपचा मेसेज म्हणजे लेखी नोटीस का, यावर आम्ही वाद घातला नाही. तीच नोटीस धरली तरी महिना पुढेच जात होता. पत्र एवढंच झालं:

"आपला 12 नोव्हेंबरचा निरोप मिळाला. कराराच्या कलम 9 प्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस आवश्यक आहे. आपला निरोप नोटीस मानल्यास मुदत 12 डिसेंबरला संपते. त्या दिवशी घर रिकामं करून ताबा देईन. तोपर्यंतचं भाडं नेहमीप्रमाणे जमा होईल. ताबा देताना अनामत रक्कम परत मिळावी."

गळक्या छताचा उल्लेख काढला. ताईंना ते जड गेलं आणि मला त्यांचं दुःख कळत होतं. पण त्या पत्रात तारखेशिवाय दुसरं काही असलं असतं, तर मालकांनी नेमकं त्यालाच उत्तर दिलं असतं. पत्र स्पीड पोस्टने गेलं, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर.

नोटीस महिनाभराची उसंत देते, त्याहून जास्त नाही. कराराची मुदत संपल्यावरही राहिलं, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे दुप्पट शुल्क भरावं लागू शकतं. हे मी ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला. त्यांचा मुलगा अचानक गावाकडून परत येणार होता म्हणून घाई होती. ते म्हणाले, "बारा तारीख चालेल." मुलीची परीक्षा त्याच घरातून झाली.