ढगाच्या कडेचं ऊन आणि भिशीचे २८ हजार

*"सर, लातूरला आमच्या घरावर ५५० वॅटची सहा सोलर पॅनल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टर जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बसवलाय. श्रावणात ढगाळ असूनही ॲपमध्ये आकडा मधूनच ३ किलोवॅटला टेकतो आणि तिथंच अडकतो. बसवणारे म्हणतात, पॅनल त्याहून जास्त देतायत, वीज वाया जातेय, ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर घ्या, जुना परत घेऊन वरचे २८ हजार द्या. माझी भिशी याच महिन्यात लागतेय. सोनं गहाण ठेवून काढलेलं कर्जही चालू आहे, साडेनऊ टक्क्यांचं. काय करू?"*

ताई, इन्व्हर्टर बदलू नका. बसवणाऱ्यांनी जे पाहिलं ते खरं आहे, पण त्याची किंमत २८ हजार नाही.

पॅनलवर ५५० वॅट लिहिलेलं असतं ते एका ठरावीक परिस्थितीत मोजलेलं असतं: दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि पॅनलमधल्या सेलचं तापमान २५ अंश. आपल्याकडे निरभ्र आकाशात भर दुपारी ऊन साधारण तेवढंच असतं. श्रावणात मात्र पांढरेशुभ्र, कापसाच्या ढिगासारखे ढग सुटे सुटे फिरतात. दोन ढगांच्या फटीतून सूर्य थेट पॅनलवर येतो आणि त्याच वेळी शेजारच्या ढगाची चकाकणारी कड जास्तीचा उजेड त्याच जागी टाकते. चुना दिलेल्या भिंतीलगत उन्हात उभं राहिल्यावर डोळे दिपतात ना, तसंच हे. अशा वेळी ऊन १२००-१३०० वॅटपर्यंत चढतं, कधी त्याहूनही वर. वातावरणाच्या बाहेर, सूर्यासमोर, हा आकडा सुमारे १३६१ आहे. त्यावरून हा झोत किती मोठा ते लक्षात येईल.

त्यात पाऊस नुकताच पडून गेलेला असतो, वारा असतो, पॅनल गार असतात. सेल तापला की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. गार पॅनलवर जोराचं ऊन पडलं तर तुमची ३.३ किलोवॅटची पॅनल काही क्षण ३.९ किलोवॅटपर्यंत देऊ शकतात. मे महिन्यात सेल ६५ अंशांवर असतात, तेव्हा हीच पॅनल कडक उन्हात अडीचच्या आसपास थांबतात. म्हणजे विक्रमी आकडा उन्हाळ्यात दिसत नाही, पावसाळ्यात दिसतो.

माझ्या संभाजीनगरच्या गच्चीवरही एवढीच पॅनल आणि तीनचाच इन्व्हर्टर आहे. मागच्या श्रावणात मी त्याच्या पडद्यासमोर उभा राहिलो. ढग होता तोवर आकडा ९०० वॅटच्या आसपास होता. सावली गच्चीवरून सरकली आणि दोन-तीन सेकंदांत ३००० झाले, त्यापुढे आकडा हलेना. बघण्यासारखं होतं ते पॅनलकडून येणारं व्होल्टेज. ते २४०वरून २६२वर गेलं आणि करंट १२ ॲम्पियरच्या खाली आला. इन्व्हर्टर जादा वीज आत घेऊन जाळत नाही. तो व्होल्टेज वर सरकवतो, तसा पॅनलमधून निघणारा करंटच कमी होतो. न घेतलेली वीज पॅनलमध्येच थोडी उष्णता होऊन राहते. पाऊण मिनिटात पुढचा ढग आला आणि आकडा परत हजारावर उतरला.

म्हणून त्या सपाट रेषेला घाबरण्याचं कारण नाही, इन्व्हर्टर ठरल्याप्रमाणे काम करतोय. तपासायचा तो करंट. करंट उन्हाच्या प्रमाणात वाढतो. ५५०च्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे ते जास्तीत जास्त देऊ शकेल तेवढा करंट, १४ ॲम्पियरच्या आसपास असतो, १३०० वॅट उन्हात तो १८च्या वर जातो. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात कमाल शॉर्ट सर्किट करंट दिलेला असतो, तो २०च्या पुढे असेल तर निश्चिंत राहा. सहाही पॅनल एकापाठोपाठ एक, एकाच माळेत जोडलेली आहेत हेही विचारून घ्या. तीन-तीनच्या दोन माळा करून एकाच इनपुटला जोडल्या असतील तर करंट दुप्पट होतो आणि मग काळजीचं कारण आहे.

आता हिशोब, तोही बसवणाऱ्यांच्या बाजूनं झुकता धरू. एका दिवसात असे ४० झोत आले, प्रत्येक मिनिटभर टिकला आणि प्रत्येक वेळी ०.८ किलोवॅट कापले गेले असं समजू. ते होतात जेमतेम अर्धा युनिट. वर्षात असे ७० दिवस धरले तरी ३५ युनिट. थंडीतल्या स्वच्छ दुपारी थोडं कापलं जातं, त्याचे आणखी १५ धरा. एकूण ५० युनिट, दहा रुपयांच्या हिशोबानं ५०० रुपये. तुमची सिस्टीम वर्षाला साधारण साडेचार हजार युनिट करत असेल, त्यातला हा एक टक्का. २८ हजार वसूल व्हायला ५६ वर्षं लागतील आणि इन्व्हर्टर दहा-बारा वर्षं चालला तरी पुष्कळ.

शिवाय त्या झोताच्या अलीकडे-पलीकडे सावली असते. ढगानं तुमच्या गच्चीवर टाकलेला उजेड शेजारच्या गच्चीवरून कमी केलेला असतो. दिवसभराची बेरीज निरभ्र दिवसापेक्षा कमीच भरते. ॲपच्या आलेखात बऱ्याचदा पाच-पाच मिनिटांची सरासरी येते, म्हणून तिथं टोकं आणखी बोथट दिसतात. उंच टोक पाहून खरेदी करायची नाही, खालच्या युनिटच्या बेरजेकडे पाहायचं.

मला तुमच्या पत्रात जास्त खुपली ती पत्र्याची खोली. बरेच इन्व्हर्टर भोवतालचं तापमान ४५ अंशांच्या वर गेलं की स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन कमी करतात, आणि लातूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली ५० सहज होतात. हे नुकसान मिनिटाचं नसतं, रोज दुपारी तास-दोन तासांचं असतं. ॲपमध्ये एप्रिल-मे मधले निरभ्र दिवस काढून बघा. रेषा टेकडीसारखी गोल असेल, माथा अडीचच्या आसपास, तर ठीक. ऐन दुपारी माथ्यालाच खळगा पडून पुन्हा वर येत असेल तर इन्व्हर्टर तापतोय. तसं दिसलं तर उत्तरेकडच्या सावलीतल्या भिंतीवर हलवायला वायरमनला किती पैसे लागतील ते विचारा. मी माझा हलवला, केबल धरून तीन हजारांत काम झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात दुपारचा खळगा दिसला नाही.

भिशी लागली की हे तीन हजार बाजूला ठेवा, आणि उरलेले २५ हजार सोन्याच्या कर्जात मुद्दल म्हणून भरा. साडेनऊ टक्क्यांनी वर्षाला २,३७५ रुपये व्याज वाचेल. भरताना पावतीवर रक्कम मुद्दलात जमा झाल्याचं लिहून घ्या. काही ठिकाणी मधे भरलेले पैसे आधी व्याजात वळते करतात. चार-पाच वर्षांनी आणखी चार पॅनल टाकायची ठरली तर मोठ्या इन्व्हर्टरचा विचार करू, पण तेव्हा आधी महावितरणकडे भार आणि नेट मीटरचा अर्ज करावा लागेल.