शिंगाचा आकडा शिंगातच पडू दे

भाऊ, आकड्यांप्रमाणे रंग भरायचं चित्र बनवायला पोळ्याच्या बैलाचा फोटो निवडलास ते बरं केलंस. पण रंग 16 वर आणायच्या आधी फोटो थोडा ब्लर कर, नाहीतर मागच्या पऱ्हाटीतलं एकेक बोंड वेगळा ठिपका होऊन बसतं. उरलेले ठिपके छापायच्या मापावर तपास. 300 डीपीआयला 4 मिमी म्हणजे सुमारे 47 पिक्सेल. त्याहून अरुंद तुकड्यात आकडा नीट मावत नाही, म्हणून तो तुकडा शेजारच्या सगळ्यात जवळच्या रंगात मिसळ. डोळा मात्र मिसळू नकोस, बैलाचा चेहराच हरवतो.

आकडा आकाराच्या मध्यबिंदूवर टाकू नकोस. शिंग वाकडं, त्याचा मध्यबिंदू बाहेर आभाळात पडतो. कडांपासून सगळ्यात दूरचा आतला बिंदू शोध आणि तिथे टाक.