फोटोत विग्रह पुसला गेला आणि 'पीतांबर' चुकला

प्रश्न: मुलीने समासाच्या गृहपाठाचा फोटो पाठवला होता. एक उत्तर उत्तरसूचीशी जुळत नाही म्हणून बाईंनी चूक दिलं. मला ते बरोबर वाटतंय. बाईंना पत्र लिहून कसं समजावू?

उत्तर: वही नंतर बघा. आधी बाईंना जो फोटो गेला तो उघडा आणि त्यात विग्रह वाचता येतोय का ते पाहा. आमच्याकडे सगळं तिथेच अडलं होतं.

माझ्या मुलाला दहा शब्द दिले होते. विग्रह करायचा आणि समास ओळखायचा. त्याने विग्रह पेन्सिलीने लिहिले आणि समासाचं नाव पेनने. फोटो माझ्याच फोनवरून काढला, कागद पांढराशुभ्र आणि अक्षर काळं करणाऱ्या स्कॅनच्या अ‍ॅपमधून. त्या अ‍ॅपने पेन्सिलीची फिकट अक्षरं कागदाच्या डागांसारखी पुसून टाकली. वहीत तीन रकाने होते, बाईंच्या पडद्यावर दोनच पोचले: शब्द आणि समासाचं नाव. 'पीतांबर – बहुव्रीही' एवढंच त्यांना दिसलं, सूचीत होतं 'कर्मधारय', त्यांनी फुली मारली. त्यांच्या जागी मी असते तर मीही मारली असती.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे दिवसभर शब्दच समोर असतात. तरी पत्र लिहायला बसले तेव्हा कळलं की 'माझ्या मते हे बरोबर आहे' या वाक्याला काही वजन नाही. वजन आहे ते विग्रहाला. समासाचं नाव शब्दावरून ठरत नाही, विग्रहावरून ठरतं. 'पीतांबर'चा विग्रह 'पीत असे अंबर' केला तर अर्थ होतो पिवळं वस्त्र. 'अंबर' हे दुसरं पद महत्त्वाचं, 'पीत' हे त्याचं विशेषण, म्हणून कर्मधारय. 'पीत आहे अंबर ज्याचे असा तो' असा विग्रह केला तर अर्थ होतो विष्णू. आता ना पिवळा रंग महत्त्वाचा ना वस्त्र, दोन्ही पदं मिळून तिसऱ्याकडेच बोट दाखवतात, म्हणून बहुव्रीही. अक्षरं तीच, समास दोन.

मराठीत दोन्ही अर्थ जिवंत आहेत, हे महत्त्वाचं. विठ्ठलाच्या आरतीत पीतांबर कासेला आहे, म्हणजे तिथे तो वस्त्र आहे. आणि पीतांबर हे माणसाचं नावही असतं, ते विष्णूचं नाव म्हणूनच ठेवतात. 'पीतांबराची घडी घाल' आणि 'पीतांबराला नमस्कार कर' ही दोन वाक्यं मी मुलासमोर ठेवली. पहिल्यात कर्मधारय, दुसऱ्यात बहुव्रीही, हे त्याने न अडखळता सांगितलं. गृहपाठात वाक्य नव्हतं, सुटा शब्द होता. सुट्या शब्दाला सूची एकच उत्तर देते, कारण सूची करणाऱ्याने मनात एकच विग्रह धरलेला असतो.

ही अडचण फार जुनी आहे. संस्कृत व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्यात सुरुवातीलाच 'इंद्रशत्रु' या शब्दाचा दाखला येतो. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता, म्हणजे 'इंद्राचा शत्रू', तत्पुरुष. वैदिक उच्चारात आघात शब्दाच्या शेवटी पडला तर तत्पुरुष आणि पहिल्या पदावर राहिला तर बहुव्रीही. मंत्र म्हणताना आघात चुकला, अर्थ झाला 'इंद्र ज्याचा शत्रू आहे असा', आणि तो मुलगा, वृत्र, इंद्राच्याच हातून मेला. मराठीत हा आघात उरलेला नाही. आपल्याकडे दोन समासांतला फरक कागदावर दाखवणारी एकच खूण आहे, ती म्हणजे विग्रह. तीच फोटोत पुसली गेली तर बाईंनी काय वाचावं?

म्हणून पत्राआधी मुलीने नेमका काय विग्रह लिहिलाय तो पाहा. तिने 'पिवळे असे वस्त्र' लिहून पुढे बहुव्रीही लिहिलं असेल, तर फुली योग्य आहे, पत्र लिहू नका. विग्रहात 'ज्याचे', 'ज्याला', 'ज्याच्या' असं काही तरी आणि शेवटी 'असा तो' किंवा 'अशी ती' असायला हवं. आणखी एक बघा: त्या वर्गाला बहुव्रीही शिकवून झालाय का. झाला नसेल तर बाईंनी कर्मधारयच अपेक्षिला असणार. उत्तर तरीही चूक ठरत नाही, पण पत्राचा सूर बदलावा लागतो. मग 'हे तिने घरी वाचलं' असं सरळ लिहावं.

आमच्या वहीत दुसरीही एक फुली होती, 'दशानन'वर. मुलाने द्विगू लिहिलं होतं, सूचीत बहुव्रीही. मुलगा म्हणाला, "आई, याचंही लिही ना, पहिलं पद संख्याच आहे." त्यावर आम्ही बराच वेळ बसलो. द्विगूमध्ये संख्येमुळे समूहाचा अर्थ येतो: त्रिभुवन म्हणजे तीन भुवनांचा समूह, पंचवटी म्हणजे पाच वडांचा समूह. 'दशानन' म्हणजे दहा तोंडांचा समूह असं मराठीत कोणी कधी म्हणत नाही. तो शब्द रावणासाठीच येतो, 'दहा आहेत आनने ज्याला असा तो'. संख्या दिसली की द्विगू लिहायचं, ही सवय पुष्कळ मुलांना लागते. तेव्हा इथे बाईच बरोबर होत्या. 'पीतांबर'ला दोन अर्थ वापरात आहेत आणि 'दशानन'ला एकच, फरक एवढाच आहे, आणि तो पत्रात कबूल करायचा असं मी ठरवलं.

पत्र असं होतं:

> आदरणीय बाई,
> सप्रेम नमस्कार.
>
> समासाच्या गृहपाठाचा जो फोटो मी पाठवला, त्यात विग्रहाचा रकाना दिसत नाही. मुलाने विग्रह पेन्सिलीने लिहिले होते आणि फोटो काढताना ते पुसट होऊन गेले. ही चूक माझी आहे. त्याच पानाचा साधा फोटो सोबत पाठवत आहे. वहीत नंतर काहीही बदललेले नाही. मूळ वही उद्या त्याच्याबरोबर देत आहे.
>
> प्रश्न ४ मध्ये 'पीतांबर' या शब्दाचा विग्रह त्याने 'पीत आहे अंबर ज्याचे असा तो (विष्णू)' असा केला आहे आणि त्यावरून बहुव्रीही लिहिले आहे. उत्तरसूचीतील कर्मधारय हे 'पीत असे अंबर' या विग्रहाला धरून आहे, आणि तेही बरोबर आहे. प्रश्नात वाक्य दिलेले नसल्याने दोन्ही अर्थ संभवतात, असे मला वाटते. त्याचा विग्रह आणि त्याने लिहिलेला समास एकमेकांशी जुळतात का, एवढे आपण पाहावे ही विनंती.
>
> प्रश्न ७ मधील 'दशानन' त्याचे चुकले आहे. द्विगू का नाही ते त्याला समजावले आहे.
>
> परीक्षेत असा शब्द सुटा आला तर मुलांनी कोणता विग्रह धरावा, हे आपण वर्गात सांगितलेत तर त्याला मदत होईल.
>
> आपली विश्वासू,

यात दोन गोष्टी मी जाणूनबुजून केल्या. 'उत्तरसूची चुकली' असं कुठेही म्हटलं नाही, कारण ती चुकलेली नाही. तिने एक विग्रह धरला, मुलाने दुसरा. आणि बाईंकडे जे मागितलं ते त्यांना दोन मिनिटांत तपासता येईल असं मागितलं: विग्रह आणि समास जुळतात का. पन्नास-साठ वह्या तपासणाऱ्या बाईंना व्याकरणावरचा निबंध पाठवण्यात अर्थ नसतो. महाभाष्य मी घरात मुलाला सांगितलं, पत्रात घातलं नाही.

पत्र बाईंना वेगळं पाठवा, वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे गेलं की बाकीचे पालकही आपापल्या वह्या काढतात आणि बाईंना सगळ्यांसमोर बाजू घ्यावी लागते.

नवा फोटो काढताना स्कॅनचं अ‍ॅप टाळा, साधा कॅमेरा वापरा. दिवसा खिडकीजवळ वही सपाट ठेवा, आपली सावली पानावर पडू देऊ नका, आणि जोडपानावर लिहिलं असेल तर दोन्ही पानं एकाच फोटोत येऊ द्या. पेन्सिलीचं अक्षर फिकट असेल तर त्यावर आता पेन फिरवू नका. पेन फिरवलं की ते नंतर लिहिल्यासारखं दिसतं, आणि मग मूळ वही दाखवून काही सिद्ध होत नाही. पाठवण्याआधी फोटो मोठा करून विग्रहाची एक ओळ स्वतः वाचून बघा. ग्रुपवरून पाठवलेला फोटो दाबला जाऊन अक्षरं धूसर होतात, म्हणून मी तो फाइल म्हणून जोडला.

बाईंनी वही परत पाठवली तेव्हा 'पीतांबर'वरची फुली खोडलेली होती आणि शेजारी लाल शाईत लिहिलं होतं: 'विग्रहानुसार ग्राह्य. विग्रह पेनने लिहावा.' 'दशानन'वरची फुली तशीच होती. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर 'नीलकंठ' लिहिला आणि वर्गाला त्याचे दोन विग्रह करायला सांगितले, 'निळा असा कंठ' आणि 'निळा आहे कंठ ज्याचा असा तो'. त्या दिवसापासून मुलगा विग्रह पेनने लिहितो.