आयोडाइड घातलं आणि रिॲक्शन बसली

प्रश्न: टोल्युइनमध्ये मीठ विरघळत नाही, मग फेज ट्रान्सफर कॅटॅलिस्ट किंवा क्राउन ईथर टाकल्यावर रिॲक्शन कशी काय होते? दोन्हींपैकी कोणतं वापरावं?

टीबीएबी, म्हणजे टेट्राब्यूटिल अमोनियम ब्रोमाइड हा फेज ट्रान्सफर कॅटॅलिस्ट, वापरा. सहसा तेवढ्यावर भागतं. का ते सांगताना मला माझी एक जुनी बॅच आठवणार, इलाज नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष. सुगंधी रसायनांच्या एका कारखान्यात आम्ही बेंझिल ॲसिटेट करत होतो, तोच तो मोगऱ्यासारख्या वासाचा. एका थरात टोल्युइन आणि बेंझिल क्लोराइड, खाली पाण्यात सोडियम ॲसिटेट. नुसतं तापवून ढवळलं तर दिवसभर काही घडत नाही, कारण ॲसिटेट पाणी सोडून वर यायला तयार नसतं. त्यात 2 मोल टक्के टीबीएबी टाकला, 90 अंशांवर ठेवलं, की चित्र बदलतं. त्यातल्या टेट्राब्यूटिल अमोनियमला चार तेलकट शेपट्या आहेत. टोल्युइनमध्ये तो सुखाने राहतो, पण प्लस चार्ज असल्याने एकटा जाऊ शकत नाही, सोबत एक ऋण आयन न्यावाच लागतो. त्याने ॲसिटेट नेला तर तो वर जवळजवळ कोरडा पोचतो. पाण्याचं वेष्टण निघाल्यामुळे बेंझिल क्लोराइडवर लगेच तुटून पडतो. सुटलेला क्लोराइड घेऊन अमोनियम परत खाली. 1971 मध्ये स्टार्क्सने क्लोरोऑक्टेन आणि सायनाइडवर हेच दाखवलं होतं.

आता भांडण. आमचे साहेब जुन्या वळणाचे. बॅच जरा सावकाश चालली होती, तर म्हणाले, "पोटॅशियम आयोडाइड टाक 10 टक्के. क्लोराइडचं आयोडाइड होईल आणि पळेल." ॲसिटोनमध्ये हे खरं आहे, तिथे मीही टाकतो. इथे मी म्हटलं, "साहेब, इथे उलटं होईल." त्यांनी ऐकलं नाही. टाकलं. दोन तासांनी गॅस क्रोमॅटोग्राफवर बेंझिल क्लोराइड जवळपास हललेलं नव्हतं. मग आणखी टीबीएबी टाकायला लावला, थोडं चाललं, परत बसलं.

कारण साधं आहे. अमोनियम ही एका सीटची रिक्षा आहे, आणि तिला मोठा, मऊ, पाण्याची फारशी ओढ नसलेला प्रवासी आवडतो. पसंतीचा क्रम: आयोडाइड, मग ब्रोमाइड, मग क्लोराइड, आणि ॲसिटेट सगळ्यात शेवटी. 2 टक्के रिक्षा आणि 10 टक्के आयोडाइड. बहुतेक सीटांवर तेच बसणार आणि उतरणार नाही. ॲसिटेट खालीच उभा. बेंझिल आयोडाइड कितीही चपळ असलं तरी ॲसिटेट वर पोचलाच नाही तर ते कोणाशी खेळणार?

मी रात्रपाळीत दोन फ्लास्क लावले, सगळं सारखं, फक्त एकात आयोडाइड. सहा तासांनी आयोडाइडविना फ्लास्कमध्ये बेंझिल क्लोराइड 3 टक्के उरलं होतं, दुसऱ्यात 40. क्रोमॅटोग्राम साहेबांच्या टेबलावर ठेवले. ते म्हणाले, "प्लांटमध्ये ढवळणं नीट नसेल." दोन्ही फ्लास्क एकाच गतीने फिरत होते, साहेब! हे वाक्य तेव्हा तोंडात राहिलं, म्हणून आज इथे लिहितोय. ढवळणं महत्त्वाचं आहेच, पण ते सगळ्या चुकांचं पांघरूण नाही.

म्हणजे रिॲक्शन अर्ध्यावर बसली तर आधी बघा, बाहेर पडणारा आयन कोण आहे. शक्यतो अल्किल आयोडाइड टाळून क्लोराइड घ्या. शेवटी क्लोराइड साचूनही वेग पडतो. तेव्हा खालचा पाण्याचा थर काढून ताजं ॲसिटेट द्या. टीबीएबीचं स्वतःचं ब्रोमाइडही नडत असेल तर हायड्रोजन सल्फेटवालं मीठ घ्या, बेसमध्ये त्याचं सल्फेट होतं आणि ते पाण्यातच राहतं.

क्राउन ईथर राहिलंच. पेडरसनने 1967 मध्ये प्रसिद्ध केलेली ही कडी धन आयनालाच पोटात घेते. 18-क्राउन-6 मध्ये पोटॅशियम नेमका बसतो, सोडियमला 15-क्राउन-5 बरी. पाणी नकोच असेल, कोरडा पोटॅशियम फ्लोराइड घन रूपातच वापरायचा असेल, तर ती कामाची. पण महाग, परत मिळवणं कटकटीचं, आणि विषारीही. पीईजी-400 हा पॉलिइथिलीन ग्लायकॉल स्वस्तात त्यातलं थोडं काम करतो.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. 50 टक्के कॉस्टिक आणि जास्त तापमान असेल तर टीबीएबी तुटतो, ट्रायब्यूटिल अमीनचा मासळीसारखा वास सुटतो. तिथे पीईजी किंवा क्राउन टिकतं. साहेबांनी तेव्हा हा मुद्दा काढला असता तर मी गप्प बसलो असतो.